«पत्ता:» इथेच मेसेज संपला! कुरिअर ऑफिसने पाठवणाऱ्याला ईमेल कसा लिहावा

आजचा विषय छोटा वाटेल, पण त्यात कुणाच्या तरी घरचा फराळ अडकलेला असतो. कुरिअर ऑफिसात पार्सल येऊन पडलं आहे, पावती झाली आहे, आणि पत्ता मेसेजने येणार होता. मेसेज आलासुद्धा. पण तो «पत्ता:» या शब्दापाशी संपला. पुढे घर नंबर नाही, पिन कोड नाही, काहीच नाही. आता ऑफिसने पाठवणाऱ्याला ईमेल लिहायचा आहे. तो कसा लिहायचा, ते आज बघू.

आपण एक उदाहरण धरून चालू. समजा, नागपूरच्या एका बाईंनी दिल्लीतल्या लेकीसाठी संत्रा बर्फी आणि दोन स्वेटर दिले. कुरिअरचा मुलगा घरून पार्सल घेऊन आला. लेकीने नुकतंच घर बदललं होतं, नवा पत्ता बाईंच्या फोनमध्ये होता. त्या म्हणाल्या, «पाठवते थोड्या वेळात.» आणि त्यांनी पाठवला. ऑफिसच्या फोनवर उमटलं ते एवढंच:

मुलीला दिल्लीत मयूर विहारला पार्सल. बर्फी २ किलो, स्वेटर २. पत्ता:

काउंटरवर बसलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो, की बाई विसरल्या. दुसरा विचार येतो, की मयूर विहार तर लिहिलंय, तिथला पिन आपणच टाकून देऊ. हे दोन्ही विचार चुकीचे आहेत. ईमेल चांगला लिहायचा असेल, तर ते का चुकीचे आहेत हे आधी समजून घ्यावं लागेल.

मेसेज इथेच का तुटला?

बाई विसरल्या नव्हत्या. मेसेज कुठे तुटला ते नीट बघा. अर्ध्या शब्दात नाही, तर बरोबर «पत्ता:» आणि त्यानंतरच्या एका मोकळ्या जागेवर. आता हा मेसेज आपण मोजू.

डोळ्यांनी मोजलं तर यात अक्षरं आणि आकडे मिळून २७ भरतात. शब्दांमधल्या आणि शेवटच्या मोकळ्या जागा ११, आणि पूर्णविराम, स्वल्पविराम वगैरे चिन्हं ४. एकूण ४२. पण फोन असं मोजत नाही. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, ते फोनच्या लेखी बऱ्याचदा दोन, तीन किंवा चार खुणांचं असतं. «ली» म्हणजे ल आणि त्याची वेलांटी, या दोन खुणा. «ल्ली» म्हणजे ल, हलन्ताचा पाय, पुन्हा ल आणि वेलांटी, या चार. काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षरातला पाय, हे सगळं वेगवेगळं धरलं, तर या मेसेजमध्ये २५ खुणा वाढतात. बेचाळीस आणि पंचवीस, झाले ६७.

हा ६७ आकडा योगायोगाचा नाही. साध्या एसएमएसच्या एका तुकड्यात १४० बाइट मावतात. इंग्रजी लिपीत लिहिलं तर त्यात १६० अक्षरं बसतात. देवनागरीत प्रत्येक खुणेला २ बाइट लागतात, म्हणून ७० खुणाच बसतात. मेसेज त्याहून लांब झाला, की फोन त्याचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यावर «हा मेसेज अमुक, त्यातला मी पहिला, मी दुसरा» अशी चिठ्ठी लावावी लागते. ती चिठ्ठी ६ बाइट खाते. उरतात १३४ बाइट, म्हणजे ६७ खुणा.

तर बाईंचा मेसेज दोन तुकड्यांत निघाला. पहिल्यात लेक, मयूर विहार, बर्फी, स्वेटर आणि «पत्ता:» हा शब्द. दुसऱ्यात सगळा पत्ता आणि पिन कोड. वाटेत दुसरा तुकडा राहिला आणि ऑफिसच्या फोनने आला तेवढा भाग दाखवला.

यातून कामाची गोष्ट अशी, की बाईंच्या फोनवर मेसेज अख्खा दिसतो आहे. त्यांना «आपण पत्ता पाठवला नाही» असं लिहिलं, तर त्या फोन उघडून बघणार, तिथे पत्ता असणार, आणि त्या उत्तर देणार, «पाठवलाय की!» किंवा तोच मेसेज पुन्हा पुढे ढकलणार. तो पुन्हा दोन तुकड्यांत निघणार. एक दिवस असाच जाणार, आणि पार्सलमध्ये बर्फी आहे.

मेसेज तुटण्याचं हे एकच कारण नाही. बुकिंगच्या फॉर्ममध्ये रकान्याची मर्यादा असेल, तर मजकूर तिथे कापला जातो. काही ठिकाणी ही मर्यादा अक्षरांत नसून बाइटमध्ये असते. इंटरनेटवर मजकूर साठवायची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. म्हणजे २५५ बाइटच्या रकान्यात मराठीच्या फक्त ८५ खुणा मावतात. आणखी एक कारण म्हणजे, काही सॉफ्टवेअर मजकुराची फक्त पहिली ओळ उचलतं. पत्ता आपण सवयीने नव्या ओळीवर लिहितो, तो तिथेच राहतो.

ओळखायचं कसं? एकाच ग्राहकाचा एकच मेसेज तुटला असेल, आणि तो ६७ किंवा १३४ खुणांपाशी तुटला असेल, तर तुकडा हरवला. वेगवेगळ्या लोकांचे मेसेज सारख्याच लांबीवर तुटत असतील, तर रकाना कापतो आहे. आणि जिथे लिहिणाऱ्याने नवी ओळ सुरू केली असावी, नेमकं तिथेच मजकूर थांबत असेल, तर पहिली ओळच उचलली जाते आहे. पहिल्या प्रकारात एक ईमेल पुरतो. बाकी दोन प्रकारांत ईमेल तर लिहायचाच, शिवाय ज्याने फॉर्म बनवला त्यालाही सांगायचं. नाहीतर उद्या दुसरं पार्सल असंच अडकेल.

पत्ता आपणच का भरू नये?

आता दुसऱ्या विचाराकडे येऊ. «मयूर विहार लिहिलंय ना, टाका पिन आणि करा रवाना.» दिल्लीत न राहिलेल्या माणसाला मयूर विहार ही एक वस्ती वाटते. ती एक नाही.

यमुनेच्या पूर्वेला, दिल्लीच्या उत्तर प्रदेशाकडच्या कडेला हा भाग आहे. फेज १, फेज २ आणि फेज ३ असे त्याचे तीन टप्पे, आणि त्याशिवाय फेज १ चं एक्स्टेन्शन. प्रत्येक फेजमध्ये पॉकेट आहेत. फेज १ मध्ये पॉकेट १, पॉकेट २ असे आकडे आहेत. फेज २ मध्ये पॉकेट ए, बी, सी अशी अक्षरं आहेत. फेज ३ मध्ये ए-१, ए-२ अशी अक्षर आणि आकड्यांची जोडी सापडते. डीडीएने, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेले फ्लॅट आहेत, सहकारी गृहसंस्थाही आहेत. एकाच क्रमांकाचा फ्लॅट वेगवेगळ्या पॉकेटमध्ये असू शकतो. त्यामुळे फ्लॅट नंबर आहे पण पॉकेट नाही, असा पत्ता घेऊन डिलिव्हरीचा मुलगा उन्हात नुसता फिरत राहतो.

आता पिन कोड बघा. फेज १ आणि फेज २ चा पिन ११००९१. फेज ३ चा ११००९६. फरक शेवटच्या एका आकड्याचा, पण पार्सल वेगळ्याच टपाल हद्दीत जाणार. आणि फेज १ एक्स्टेन्शनच्या बाजूने दिल्लीची हद्द ओलांडली, की लगेच नोएडा. तिथला पिन २०१३०१, म्हणजे पहिला आकडाच बदलतो, राज्य बदलतं. नोएडाला चालत जाता येईल इतक्या जवळ राहणारी माणसं मयूर विहारात आहेत. पार्सलच्या दृष्टीने मात्र ते दुसरं राज्य.

म्हणजे काउंटरवरच्या माणसाने अंदाजाने ११००९१ टाकला आणि लेक फेज ३ मध्ये राहत असेल, तर पार्सल आधी चुकीच्या केंद्रावर जाणार. तिथून «पत्ता सापडत नाही» असा शेरा घेऊन एक तर फिरवलं जाणार, नाहीतर नागपूरला परत येणार. आणि समजा अंदाज बरोबर निघाला, लेक खरंच ११००९१ मध्ये आहे, तरी ती फेज १ मध्ये की फेज २ मध्ये, हे पिनवरून कळत नाही. दोन्हींचा पिन एकच. पिन कोड पत्ता पडताळायला उपयोगी पडतो, पण पत्त्याची जागा घेऊ शकत नाही.

पिन कोड काय सांगतो, काय सांगत नाही

इथे मराठी माणसाला माहीत असावी अशी एक गोष्ट सांगतो. भारतात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते. केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयात ते मोठ्या हुद्द्यावर होते, आणि संस्कृतमध्ये लेखन करणारे कवी म्हणूनही त्यांचं नाव होतं. अडचण तेव्हाही आजचीच होती. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले पत्ते, अपुरे पत्ते. आकडे मात्र सगळीकडे सारखे वाचता येतात.

सहा आकड्यांत पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. १ म्हणजे दिल्लीसह उत्तरेचा भाग, २ म्हणजे उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड, ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा ठरतो, दिल्लीसाठी ११०. शेवटचे तीन आकडे टपाल वाटणारं ऑफिस सांगतात. म्हणून ०९१ आणि ०९६ यांतला फरक छोटा नाही. खाजगी कुरिअर कंपन्यांची वाटप केंद्रं टपाल खात्याच्या ऑफिसांपेक्षा वेगळी असतात, पण पार्सल कुठल्या केंद्रावर पाठवायचं हे ठरवायला त्याही पिन कोडच वापरतात. पिन नाही, तर पार्सलवर चिकटवायचं लेबलच निघत नाही.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन नावाची नवी व्यवस्थाही आणली. तिच्यात अक्षरं आणि आकडे मिळून १० खुणांचा कोड असतो, आणि तो जमिनीवरचा साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन दाखवतो. रस्त्याला नाव नसलेल्या गावात याचा चांगला उपयोग आहे. पण मयूर विहारच्या इमारतीत एकाच चौकोनावर तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा असे फ्लॅट एकावर एक असतात. डिजिपिनला मजला कळत नाही. म्हणून फ्लॅट नंबर विचारावाच लागतो.

आता ईमेल

एवढं कळलं, की ईमेल आपोआप सुचतो. फोन का नको, असं कुणी विचारेल. फोन जरूर करा, पण पत्ता लिहूनच घ्या. फोनवर «पॉकेट बी» चं «पॉकेट डी» ऐकू येतं, आणि «एक्क्याण्णव» चं «शहाण्णव» होतं. मयूर विहारात एवढ्याने फेज बदलते. ईमेलमध्ये आलेला पत्ता जसाच्या तसा उचलून लेबलवर टाकता येतो. शिवाय ईमेलला ६७ खुणांची मर्यादा नाही.

आपल्या उदाहरणातला ईमेल असा होईल:

> विषय: पार्सल पावती क्र. ०४७१ (नागपूर ते दिल्ली): मेसेजमधला पत्ता आमच्यापर्यंत पोहोचला नाही
>
> सौ. ताई, नमस्कार.
>
> आपलं पार्सल आमच्या ऑफिसात सुरक्षित आहे. ते अजून दिल्लीला निघालेलं नाही.
>
> आज दुपारी आपण पाठवलेला मेसेज आम्हाला एवढाच मिळाला:
>
> «मुलीला दिल्लीत मयूर विहारला पार्सल. बर्फी २ किलो, स्वेटर २. पत्ता:»
>
> यापुढचा भाग वाटेत राहिला आहे. आपल्या फोनवर तो पूर्ण दिसत असेल. तोच मेसेज पुन्हा पाठवू नये, तो परत अर्धाच येऊ शकतो. कृपया याच ईमेलला उत्तर देऊन खालील माहिती लिहावी:
>
> १. पार्सल घेणाऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव
> २. फ्लॅट क्रमांक आणि मजला
> ३. पॉकेट किंवा सोसायटीचं नाव
> ४. फेज १, फेज १ एक्स्टेन्शन, फेज २ की फेज ३
> ५. पिन कोड, सहा आकडी
> ६. घेणाऱ्या व्यक्तीचा मोबाइल क्रमांक
>
> मयूर विहारमध्ये एकाहून अधिक पिन कोड आहेत, म्हणून आम्ही अंदाजाने पिन टाकलेला नाही.
>
> पार्सलमध्ये मिठाई आहे. आज सायंकाळी ६ पर्यंत उत्तर आलं, तर पार्सल आजच्या गाडीने जाईल. त्यानंतर आलं, तर उद्याच्या गाडीने जाईल. आज पत्ता मिळालाच नाही, तर उद्या सकाळी आम्ही फोन करू. आपल्याला विचारल्याशिवाय पार्सल कुठेही पाठवलं जाणार नाही.
>
> यासाठी कुठलंही जादा शुल्क नाही. या ईमेलमध्ये कुठलीही लिंक नाही. खात्री करायची असल्यास आपल्या पावतीवर छापलेल्या क्रमांकावर फोन करावा.
>
> आपला,
> (नाव, बुकिंग काउंटर, ऑफिसचं नाव)

कुठली ओळ कशासाठी?

पहिलंच वाक्य पार्सल कुठे आहे हे सांगतं. ईमेल उघडताना बाईंच्या मनात एकच प्रश्न असतो, की सामान हरवलं का? त्याचं उत्तर आधी दिलं, की पुढचं त्या शांतपणे वाचतात. दिलगिरीच्या चार ओळी सुरुवातीला लिहिल्या, तर उलट शंका येते की काहीतरी मोठं बिघडलंय.

मग त्यांचाच मेसेज जसा आला तसा उतरवला आहे. ईमेलमधली ही सगळ्यात कामाची जागा. «आपला मेसेज अपूर्ण आहे» असं नुसतं लिहिलं, तर काय अपूर्ण ते बाईंनी शोधायचं. मेसेज समोर ठेवला, की त्या स्वतःच्या फोनशी ताडून बघतात आणि एका क्षणात कळतं, की अरे, पुढचा भाग गेलाच नाही. यात कुणावर ठपका येत नाही. «पोहोचला नाही» आणि «पाठवला नाही» या दोन शब्दप्रयोगांत बाईंचा राग आणि त्यांची मदत, एवढं अंतर आहे.

तिसरी गोष्ट, जे हवं तेवढंच विचारलं आहे. वजन, वस्तू, पाठवणाऱ्याचं नाव हे पावतीवर आहे, ते पुन्हा विचारलेलं नाही. «सर्व तपशील पुन्हा पाठवावा» असं लिहिलं, की लोक कंटाळतात किंवा पुन्हा अर्धाच तपशील पाठवतात. आणि फेजचा प्रश्न «फेज लिहा» असा न विचारता चार पर्याय देऊन विचारला आहे. कारण नागपूरला बसलेल्या आईला कदाचित माहीतच नसेल, की एकाहून जास्त फेज आहेत. पर्याय दिसले, की ती लेकीला फोन करून विचारेल.

वेळेची ओळही बघा. «लवकरात लवकर कळवावे» यातून काहीच कळत नाही. सहा वाजेपर्यंत उत्तर आलं तर काय, नंतर आलं तर काय, आणि आलंच नाही तर काय, हे तिन्ही लिहिलं आहे. स्वेटर आठवडाभर थांबतील, बर्फी थांबणार नाही. मालाप्रमाणे ही ओळ बदलायची.

हा ईमेल खोटा तर नाही?

आता शेवटच्या परिच्छेदाकडे येऊ, कारण आजच्या काळात त्याशिवाय हा ईमेल पाठवूच नये.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असा मेसेज आला असेल: तुमचं पार्सल गोदामात आलं आहे, पत्ता अपुरा असल्याने देता आलं नाही, ४८ तासांत खालच्या लिंकवर जाऊन पत्ता भरा. इंडिया पोस्टच्या नावाने असे मेसेज फिरले आणि सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने ते खोटे असल्याचं जाहीर केलं. लिंक उघडली, की टपाल खात्यासारखं दिसणारं पान येतं. तिथे पत्ता भरायचा, मग पुन्हा डिलिव्हरीसाठी थोडेसेच पैसे कार्डाने भरायचे. रक्कम इतकी लहान असते, की माणूस विचार करत नाही. चोराला ते पैसे नको असतात, त्याला कार्डाची माहिती हवी असते.

आपला खरा ईमेल वरवर अगदी तसाच आहे. पार्सल अडकलं, पत्ता अपुरा, लवकर कळवा. सावध ग्राहक तो न वाचताच काढून टाकेल, आणि त्याचं बरोबरही असेल. म्हणून खोट्या मेसेजला जे करताच येत नाही, ते खऱ्या ईमेलने करायचं. ठगाला पावती क्रमांक माहीत नसतो. बाईंनी लिहिलेले शब्द त्याच्याकडे नसतात, बर्फी आणि स्वेटर त्याला ठाऊक नसतात. आपल्या ईमेलमध्ये ते सगळं आहे. ठगाचं काम लिंकशिवाय आणि पैशांशिवाय चालत नाही. आपल्या ईमेलमध्ये दोन्ही नाहीत. आणि खात्रीसाठी जो फोन नंबर सांगितला आहे, तो ईमेलमध्ये लिहिलेला नाही, तर बाईंच्या हातातल्या पावतीवर बघायला सांगितलं आहे. ईमेलमधलाच नंबर दिला, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण ठगही आपला नंबर देऊ शकतो.

तुम्ही पाठवणारे असाल, तर हीच कसोटी उलट बाजूने लावा. पार्सल पाठवलंच नसेल किंवा येणारच नसेल, तर प्रश्नच मिटला. पाठवलं असेल, तर पावती क्रमांक जुळतो का ते बघा. पत्ता सांगायला पैसे, ओटीपी किंवा कार्ड लागत नाही. चुकून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा.

उत्तर आलं, पण काम संपलं नाही

समजा बाईंचं उत्तर पाच वाजता आलं. नाव आहे, फ्लॅट आहे, मोबाइल आहे. पुढे लिहिलंय, «पॉकेट बी, फेज २, पिन ११००९६.»

थांबा. फेज २ चा पिन ११००९१ असायला हवा. ११००९६ तर फेज ३ चा. काहीतरी एक चुकलंय. काय चुकलंय? आकडा चुकला असेल. देवनागरीत हाताने लिहिलेले आकडे एकमेकांसारखे दिसतात आणि लेकीने कागदावर दिलेला पिन आईने चुकीचा वाचला असेल. किंवा फेज चुकली असेल. «पॉकेट बी» हे फेज २ च्या पद्धतीचं नाव आहे, त्यामुळे आकडाच चुकला असण्याची शक्यता जास्त. पण शक्यता जास्त आहे म्हणून लेबल छापायचं नाही. आता पूर्ण यादी पुन्हा पाठवायची नाही, एकच प्रश्न विचारायचा:

> ताई, पत्ता मिळाला, आभारी आहोत. एक गोष्ट पक्की करावी: फेज २ चा पिन ११००९१ आहे, आपण ११००९६ लिहिला आहे, तो फेज ३ चा आहे. घर फेज २ मध्ये आहे की फेज ३ मध्ये?

बाई लेकीला फोन करतात आणि उत्तर येतं, «फेज २ च.» आता लेबल निघेल. पाहा, पिन कोडने पत्ता शोधून दिला नाही, पण चूक पकडून दिली. पत्ता आणि पिन दोन्ही मागायचे ते यासाठी. दोघं एकमेकांना तपासतात.

लेबल करताना एक बारीक अडचण येते, तीही सांगून ठेवतो. बाईंनी पिन देवनागरी आकड्यांत लिहिला असेल आणि तो उचलून तसाच रकान्यात चिकटवला, तर बरीच सॉफ्टवेअर तो नाकारतात. चुकीचा पिन म्हणून नव्हे, तर ते आकडेच ओळखत नाहीत म्हणून. तिथे `110091` असं टाइप करावं लागतं. आणि दिल्लीला जाणाऱ्या लेबलवर पत्ता इंग्रजी किंवा हिंदीत असलेला बरा. तिथला मुलगा «मजला» या शब्दापाशी अडेल.

पार्सल निघालं, की त्याच ईमेलखाली दोन ओळी पाठवायच्या: छापलेला पूर्ण पत्ता, आणि पार्सल निघाल्याची वेळ. बाई तो पत्ता एकदा वाचतील. काही राहिलं असेल, तर गाडी दिल्लीला पोहोचायच्या आत कळेल.

पाठवणाऱ्याने काय करावं?

मंडळी, हे झालं ऑफिसचं. आता तुम्ही पत्ता पाठवणारे असाल, तर एक सवय लावून घ्या. एसएमएसने पत्ता पाठवताना पत्ता आणि पिन सगळ्यात आधी लिहा, बाकीचं नंतर. तुकडा हरवला, तर «बर्फी २ किलो» हरवेल, पत्ता राहील. शक्य असेल, तर पत्ता इंग्रजी लिपीत पाठवा, म्हणजे एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात. फक्त त्यात मध्येच एखादा मराठी शब्द टाकू नका. एक जरी देवनागरी अक्षर आलं, तर अख्ख्या मेसेजची मर्यादा ७० वर येते. आणि शेवटी स्वतःचं नाव लिहा. ऑफिसने सांगितलं की «नाव दिसत नाही», की समजायचं, शेपूट वाटेत राहिलं.

तुमच्याकडे असं अडकलेलं पार्सल असेल, तर कुठल्या शब्दापाशी मेसेज तुटला, ते मोजून आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.